राजीनामा, जुने क्लायंट आणि सात तारखेचा पगार

“मॅडम, अकरा वर्षं एकाच पेरोल फर्ममध्ये आहे. आता स्वतःचं सुरू करायचंय. सोडल्यावर दोन वर्षं इथल्या क्लायंटकडे काम मागायचं नाही, असं मी सही करून दिलंय. पण माझ्याकडचे कारखानदार मला ओळखतात, सरांना नाही. न सांगता गेले तर त्यांचा विश्वासघात, सांगून गेले तर सरांचा. मी करू काय?”

मी समुपदेशक. जाहिरात एजन्सीतले, सीए फर्ममधले, विम्याच्या कामातले लोक माझ्याकडे हेच विचारत येतात. एकदा तर पार्लरमध्ये काम करणारी मुलगी आली होती. तिच्या गिऱ्हाइकांच्या मेंदीच्या तारखाही तिलाच पाठ होत्या. कारखान्यांच्या पगाराचं काम बाहेरून सांभाळणाऱ्या या पेरोलवाल्या बाईंची हकिगत सांगते, कारण तिच्यात सगळं लख्ख दिसतं. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

पहिल्या भेटीत त्या नेमणूकपत्र घेऊन आल्या होत्या आणि मोबाइलमध्ये एक मेसेज तयार होता. भोसरी-चाकणकडच्या तीन लाडक्या क्लायंटना तो जायचा होता. “सर, एक तारखेपासून मी इथे नसेन. पण तुम्ही अजिबात काळजी करू नका, मी आहेच. नंबर तोच आहे.” त्या म्हणाल्या, “यात मी काम कुठे मागितलंय?”

मी त्यावर काहीच बोलले नाही. त्यांना आधी वकिलाकडे पाठवलं. भीती आणि वस्तुस्थिती एकाच गाठोड्यात असतील तर माझ्या खुर्चीतून काही सुटत नाही. वकिलाची फी वाचवणारे लोक समुपदेशकाकडे कायद्याचे प्रश्न विचारत बसतात, आणि मला ते आवडत नाही.

वकिलांनी सांगितलं ते असं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कुणाला कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. आपल्या धंद्याचं गुडविल, म्हणजे नावलौकिक, विकणारा त्याला अपवाद. त्यामुळे नोकरी संपल्यावर ‘तू हा धंदाच करायचा नाहीस’ ही अट सहसा टिकत नाही. नोकरी चालू असताना मात्र बंधन टिकतं. १९६७ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं होतं. कल्याणच्या कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार मध्येच सोडून कोट्याच्या स्पर्धक कंपनीत गेला होता, त्याला रोखण्यात आलं. क्लायंटकडे काम मागू नये ही अट या दोन्हींच्या मधली. तिच्यावरचे निकाल दोन्ही बाजूंनी गेले आहेत. पण तुम्ही मागे लागल्याचा कागद किंवा मेसेज समोरच्याच्या हाती असेल, तर मनाईहुकूम येऊ शकतो. आणि क्लायंटची यादी, त्यांचे दर, कामगारांच्या पगाराचा डेटा हे फर्मचंच. ते घरच्या पेनड्राइव्हवर गेलं तर कलम २७ च्या आड लपता येत नाही.

वकिलांनी आणखी एक चांगलं काम केलं. अटीत ‘मागू नये’ एवढंच आहे की ‘स्वीकारू नये’ असंही आहे, हे त्यांना वाचायला लावलं. यांच्या करारात फक्त मागण्याची बंदी होती. पुष्कळ करारांत दोन्ही असतात आणि लोक पहिला शब्द वाचून थांबतात. शिवाय नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करायचा नाही अशीही ओळ होती. त्यामुळे नोंदणी, बँकेचं खातं, पाटी सगळं शेवटच्या दिवसानंतर करायचं ठरलं.

पुढच्या भेटीत मी त्यांना हिशेब करायला लावला. नव्या कामाचं पहिलं वर्ष कागदावर मांडा, आणि जुना एकही क्लायंट येणार नाही असं धरा. त्यांनी आणलेल्या हिशेबात उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा भाग त्या तिघांचाच होता. तो खोडल्यावर घरखर्च जेमतेम चार महिने निघत होता. “मग तुम्ही राजीनामा देताय तो या तिघांच्या भरवशावर,” मी म्हटलं. त्या गप्प झाल्या. अशा हिशेबावर राजीनामा देणारा माणूस पाचव्या महिन्यात अट मोडतो. त्याची नियत वाईट नसते, भाडं भरायचं असतं. त्यांनी राजीनामा सहा महिने पुढे ढकलला, साठवण वाढवली.

तरी तो मेसेज मोबाइलमध्ये होताच. “निदान दिलासा द्यायला काय हरकत आहे?” हे प्रत्येक भेटीत यायचं.

एका दिवशी मी म्हटलं, मी कारखानदार होते, तुम्ही फोन घ्या. हा प्रयोग मी बऱ्याचदा करते आणि तो क्वचितच वाया जातो.

“मॅडम, तुम्ही चाललात असं कळलं. पुढच्या महिन्याचं काय?”

त्या बोलत सुटल्या. किती जड जातंय, सरांबद्दल तक्रार नाही पण वाढायला जागा नाही, तुमचा विश्वास कधी विसरणार नाही, काळजी करू नका, मी आहेच. मी पूर्ण बोलू दिलं.

“मी काय विचारलं होतं?”

“पुढच्या महिन्याचं.”

“आणि मला काय कळलं?”

बराच वेळ गेला. मग त्या स्वतःशीच हसल्या. “की मी चांगली आहे.”

मग डोळ्यांत पाणी आलं. “त्यांनी मला वाईट म्हणता कामा नये, मॅडम. सरांनीसुद्धा.”

इतक्या भेटींनंतर गाठ दिसली ती इथे. कारखानदाराला धास्ती असते ती सात तारखेच्या आत पगार होतील का, पीएफ आणि ईएसआयचं चलन १५ च्या आत भरलं जाईल का, याची. चलन चुकलं तर व्याज त्याला लागतं, नोटीस त्याच्या नावावर येते. त्याला हवा असलेला दिलासा पूर्णपणे कामाबद्दलचा असतो आणि तो देणं हे फर्मचंच काम आहे, त्यात कुठलीच अट मोडत नाही. अट मोडतो तो दुसरा दिलासा, नात्याचा. तो क्लायंटने मागितलेला नसतो. निघणाऱ्या माणसाला स्वतःसाठी हवा असतो, कारण आपल्याला सगळ्यांनी चांगलंच म्हटलं पाहिजे असा हट्ट आत बसलेला असतो. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची, म्हणजे ‘असंच झालं पाहिजे’ हा हट्ट शोधणारी, त्यामुळे माझं लक्ष त्या ‘कामा नये’कडे आधी जातं. ‘म्हणू नये असं वाटतं’ आणि ‘म्हणता कामा नये’ यांत जे अंतर आहे, त्यातच हा मेसेज लिहिला गेला होता. कायद्याची भाषा आणि मनाची भाषा इतक्या नेमकेपणी एका ठिकाणी भेटलेली मी फार वेळा पाहिलेली नाही. क्लायंटला ओढून घेणारं वाक्य आणि स्वतःला सोडवून घेणारं वाक्य एकच निघालं.

पुन्हा फोन लावला. या वेळी त्या म्हणाल्या, “पगार नेहमीसारखे सातच्या आत होतील. १५ च्या चलनाचं काम आमचे दुसरे सहकारी बघतील, ते गेल्या महिन्यापासून माझ्याबरोबर बसताहेत. तुमच्या तीन नव्या कामगारांचे पीएफचे यूएएन नंबर जोडायचे राहिलेत, ते यादीत लिहिलंय.” अर्ध्या मिनिटात संपलं. मी विचारलं, “आणि तुम्ही आमचं काम घ्याल का हो?”

“मी स्वतःहून विचारणार नाही, तसं लिहून दिलंय.”

मी थांबवलं. हे वाक्य हसत म्हटलं की आमंत्रण होतं. समोरच्याला बरोबर कळतं की पुढचा फोन त्याने करायचाय. आम्ही ते छाटत छाटत इथवर आणलं: “माझा करार आहे, या विषयावर मी बोलत नाही. कामाचं काही असेल तर ऑफिसला फोन करा.” रुक्ष वाटतं खरं. म्हणूनच मोठ्याने म्हणून सराव करायला लागतो. तयारी नसली की फोनवर जीभ आपोआप जुन्या प्रेमळ वाक्याकडे वळते.

क्रमाबद्दलही आमचं बरंच बोलणं झालं. त्यांना आधी क्लायंटना सांगायचं होतं, म्हणजे सरांसमोर जायला बळ येईल. मी उलट सांगितलं. सरांना सगळ्यांच्या आधी, समोरासमोर, आणि खरं कारण. ‘घरच्या अडचणी’ असं लिहून गेलेल्या माणसाची पाटी दोन महिन्यांनी लागली की आधीचा प्रामाणिकपणाही खोटा ठरतो. त्याच लाइनमध्ये स्वतःचं काम करणार आहे, एवढं सांगायचं. नाव, भांडवल, योजना सांगायची गरज नाही. क्लायंटना कळवायचं ते फर्मच्या मेलवरून, सरांनी मजकूर पाहिल्यावर.

सर चिडलेच. म्हणाले, उद्यापासून येऊ नका, लॅपटॉप ठेवून जा. असं होऊ शकतं, म्हणून आम्ही हस्तांतराची टिपणं राजीनाम्याच्या आधीच पूर्ण करून ठेवली होती: प्रत्येक कारखान्यामागे एक पान, तारखा, अर्धवट कामं, कोणाशी बोलायचं. ती त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवली, मेलही केली. पासवर्ड लेखी दिले. स्वतःच्या फोनमधून ऑफिसचे व्हॉट्सॲप ग्रुप सरांना सांगून सोडले आणि ऑफिसच्या कामाच्या फाइली सरांच्या माणसासमोर पुसल्या. हा साक्षीदार महत्त्वाचा. नंतर ‘डेटा नेला’ असा आरोप आला तर नुसत्या शब्दाला किंमत नसते.

फोन येत राहिले. त्या ठरलेलं वाक्य म्हणत राहिल्या. पहिल्या आठवड्यात एक कारखानदार रागावून म्हणाले, “एवढी वर्षं ओळखतो आणि तुम्ही ऑफिसला फोन करा म्हणता?” त्या रात्री बाईंचा मला मेसेज आला: “त्यांनी मला वाईट म्हटलं आणि मी जेवले.” या एका ओळीचा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

नवं काम पाटी आणि लिंक्डइनवरच्या एका सार्वजनिक घोषणेने सुरू झालं. घोषणेत जुन्या फर्मचा उल्लेख नाही, जुन्या क्लायंटना टॅग नाही. पहिली कामं आली ती छोट्या हॉटेलांची आणि एका शाळेची.

त्या तिघांचं विचाराल तर एक सरांकडेच राहिला. दुसरा तिसऱ्याच फर्मकडे गेला, आणि बाईंना ते सरांकडे राहण्यापेक्षाही जास्त लागलं. तिसऱ्याने पाच महिन्यांनी स्वतःहून मेल केली. त्यांनी ती वकिलांना दाखवली. करारात ‘स्वीकारू नये’ नव्हतं, तरी वकिलांच्या सल्ल्याने क्लायंटला सांगितलं की आधीचं बिल चुकतं करा, सरांना लेखी कळवा, मग बोलू. त्याने तसं केलं. सरांनी उत्तरात फक्त थकलेल्या बिलाची रक्कम लिहिली. ती भरल्यावर काम सुरू झालं. सर अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.