टाकी लहान आहे की पाणीच कमी येतंय? सोसायट्यांची प्रश्नोत्तरं

प्रश्न: हिशोबाला माणसं किती धरायची? बिल्डरने फ्लॅटमागे 5 धरलेत, आमच्यात जेमतेम 4 निघतात.

नवी बिल्डिंग बांधताना 5 धरणं बरोबरच आहे, कारण कोण राहायला येणार हे कुणालाच माहीत नसतं. पण तुम्ही राहताय ना, मग रजिस्टर काढा आणि डोकी मोजा, भाड्याने दिलेल्या फ्लॅटमधली चार पोरंसुद्धा. रिकामे फ्लॅट मात्र भरलेलेच धरा, ते उद्या भरतील. माणशी रोज 135 लिटर धरा, गटार लाईन असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये हाच आकडा आहे, त्यातले साधारण 45 लिटर फ्लशमध्ये जातात.

मीटरवर माणशी 200च्या वर येत असेल तर टाकी वाढवायच्या आधी गळती शोधा. रात्री 1 ला पंप बंद ठेवून गच्चीवरच्या टाकीची पातळी बघा, परत 4 ला बघा. त्या वेळात कोणी आंघोळ करत नाही, तरी पातळी चांगली उतरली असेल तर कुठला तरी फ्लश टँक रात्रभर वाहतोय.

प्रश्न: 40 फ्लॅट, 168 माणसं. पाणी रोज सकाळी 6 ते 8. खाली 20,000ची टाकी, वर 10,000ची, तरी संध्याकाळी 7 ला नळ कोरडे. खालची टाकी 40,000ची करावी असं मिटींगमध्ये ठरतंय, करू का?

थांबा जरा, आधी एक सकाळ टाकीपाशी उभे राहा. 168 गुणिले 135 म्हणजे 22,680, जिने धुणं वगैरे धरून 24,000 लिटर म्हणू. तुमच्याकडे कागदावर 30,000 आहे, मग पाणी जातं कुठं? पहिली गोष्ट, कागदावरची 20,000 म्हणजे हातात येणारी 20,000 नव्हे. टाकी आतून 4 मीटर बाय 3 मीटर असेल तर 1 सेंटीमीटर पातळी म्हणजे 120 लिटर. पंपाच्या पाईपच्या खालच्या टोकाला जो फूट व्हॉल्व्ह असतो, त्याच्या खालचं 25 सेंटीमीटर पाणी पंप ओढूच शकत नाही, ते झाले 3,000, आणि वर बॉल कॉक 20 सेंटीमीटर आधीच बंद होतो, ते झाले 2,400. उरले 15,000 च्या आसपास.

आता खरी परीक्षा. एक लांब काठी घ्या, 6 वाजता पातळीची खूण करा, 10 मिनिटांनी परत करा. समजा पातळी 16-17 सेंटीमीटर चढली, म्हणजे 2,000 लिटर, म्हणजे तासाला 12,000. मग सव्वासातला टाकी भरून बॉल कॉक बंद होणार आणि पुढची 45 मिनिटं, सुमारे 9,000 लिटर, येऊ शकणारं पाणी येणारच नाही. हीच खूण लक्षात ठेवा: पाणी जायच्या आधी बॉल कॉक बंद होत असेल तर जागा कमी आहे, आणि 8 वाजेपर्यंत तो बंदच होत नसेल तर पाणी कमी येतंय, मग 40,000 सोडा, लाखाची टाकी बांधली तरी ती अर्धी रिकामीच राहणार. एका सोसायटीत मी हे भांडून सांगितलं होतं, तरी त्यांनी हौद खोदला, आता आत वाकून बघितलं की तळाशी गुडघाभर पाणी आणि वर भला मोठा आवाज घुमतो.

तुमच्या केसमध्ये मला वाटतं फुकटातलं काम आधी करून बघा. बहुतेक वॉचमन सकाळचा पंप 9 ला लावत असणार, हो ना? म्हणजे पाणी येतं तेव्हा खाली जागा होतच नाही. सकाळी 6:15 ला पंप चालू करा. खालून वर जाईल तशी खाली जागा होते, त्यात सकाळच्या आंघोळीही तेव्हाच चालू असतात, म्हणजे त्या 2 तासांत 24,000 लिटर आत यायला जागा मिळते. पंपाने तासाला 6,000 लिटर तरी टाकायला हवं, नसेल टाकत तर पंप बदला, टाकी नंतर. आणि हो, पंप टाकीतूनच ओढायचा, कॉर्पोरेशनच्या लाईनला थेट पंप लावणं बेकायदेशीर आहे आणि शेजारच्यांचं पाणी तोडतं.

आग विझवायचं पाणी वेगळ्या टाकीत असेल तर ते या हिशोबात घेऊ नका, ते घरी वापरायचं नाही.

प्रश्न: आमच्याकडे दिवसाआड 4 तास पाणी येतं, 60 फ्लॅट, 240 माणसं. रिडेव्हलपमेंट होतंय, टाकी किती सांगू?

रोज 32,400, दोन दिवसांचे 64,800. पाणी येत असताना सकाळी जे वापरलं जातं ते साठवायला लागत नाही, ते 8,000 वजा करा, राहिले 57,000. पण दिवसाआड म्हणजे कधी कधी पाच-सहा तास उशीर, कधी वेळच चुकते, म्हणून अर्ध्या दिवसाचे 16,000 जास्त धरा. एकूण 73,000 वापरायला मिळणारं. वर 16,000 आणि खाली 57,000, असं वाटून घ्या.

खालची टाकी आतून 5 बाय 5 मीटर धरली तर वापराची खोली सुमारे 2.3 मीटर, तळाचे 25 सेंटीमीटर आणि वरचे 30 मिळून 2.85 मीटर, म्हणजे कागदावर 70,000 पेक्षा थोडी जास्त. मधे भिंत घालून दोन कप्पे करायला लावा, नाहीतर साफसफाईच्या दिवशी अख्खी बिल्डिंग कोरडी.

पण या सगळ्यापेक्षा कनेक्शनचा साईज बघा. 4 तासांत 65,000 भरायला मिनिटाला 270 लिटर लागतात. एक इंची कनेक्शनमधून ते येणं शक्य नाही, दोन इंची लागेल आणि त्यातही प्रेशर बरं पाहिजे. बिल्डर टाकीचा साईज कौतुकाने दाखवतो, कनेक्शनबद्दल विचारलं की गप्प होतो, हे मी अनेकदा बघितलंय.

प्रश्न: लाईट जाते म्हणून चेअरमन म्हणतात गच्चीवर 5,000च्या पाच प्लास्टिकच्या टाक्या ठेवू. चालेल?

पाच टाक्या म्हणजे 25 टन पाणी. 5,000ची टाकी साधारण अडीच चौरस मीटरवर बसते, म्हणजे चौरस मीटरला 2 टन, आणि राहत्या बिल्डिंगच्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 150 किलो वजन धरून डिझाईन केलेला असतो. स्लॅबच्या मध्ये ठेवलीत तर खालच्या छताला आधी बारीक भेगा दिसतील, मग दार अडकायला लागेल. ठेवायचीच असेल तर कॉलमवर टेकलेल्या बीमवर, तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरने जुनं ड्रॉइंग बघून लेखी दिल्यावर.

वरची टाकी दोन पंपिंगच्या मधल्या वेळापुरती असते, दिवसभराचा साठा खालीच बरा. लाईट सलग किती वेळ जाते ते आठवा, 4 तास जात असेल तर 4 तासांचा सकाळचा वापर वर असला की झालं. त्याहून जास्त वेळ जात असेल तर 25 टन वर चढवण्यापेक्षा पंपाला जनरेटरची लाईन द्या.