कॉल रिपोर्टवरून खरं गिऱ्हाईक कसं ओळखायचं?

प्रश्न: बोरिवली ते अंधेरी एसी सर्व्हिसिंगचं काम करतो. गुगल अ‍ॅडला एक व्हर्च्युअल नंबर आणि पॅम्प्लेटवर दुसरा टाकलाय. रिपोर्टमध्ये किती सेकंद बोलले, मिस्ड, पुन्हा कोणी केला सगळं दिसतं, पण कुठून खरी गिऱ्हाइकं येतायत ते कळत नाही. कसं बघायचं?

उत्तर: माझं पेस्ट कंट्रोलचं काम आहे घाटकोपरला, भानगड हीच असते. पहिलं म्हणजे कॉल मोजू नका, माणसं मोजा. एकच बाई दुपारी तीनदा ट्राय करते, दोनदा मिस्ड आणि तिसऱ्यांदा बोलणं होतं, तर रिपोर्ट तीन कॉल दाखवतो पण गिऱ्हाईक एकच. रिपोर्ट एक्सेलमध्ये घ्या, नंबर कधी +91 ने येतो कधी 0 ने, म्हणून मधल्या स्पेस काढून शेवटचे दहा आकडे वेगळ्या कॉलममध्ये घ्या:

```
=RIGHT(SUBSTITUTE(A2," ",""),10)
```

मग त्या कॉलमवर डुप्लिकेट शोधा. तुमची पोरं, पार्टवाला, जुनी गिऱ्हाइकं यांचे नंबर आधीच बाजूला काढा, नाहीतर टेक्निशियन पत्ता विचारायला चार मिनिटं बोलतो आणि तो तुमचा सगळ्यात भारी लीड ठरतो!

आता वेळेचं. रिपोर्टमध्ये बऱ्याचदा दोन आकडे असतात, पूर्ण कॉल आणि प्रत्यक्ष बोलणं. पूर्ण कॉलमध्ये तुमचं "नमस्कार, सर्व्हिससाठी एक दाबा" आणि रिंग पण धरलेली असते, म्हणजे साठ सेकंदाच्या कॉलमध्ये खरं बोलणं पंचवीसच सेकंद असू शकतं. बोलण्याचाच आकडा घ्या. गुगल अ‍ॅड्समध्ये कॉल कन्व्हर्जन धरायला मुळात 60 सेकंद लावलेले असतात, ते बदलता येतात आणि बदलायलाच पाहिजेत, पण अंदाजाने नाही. मागच्या महिन्यात ज्यांचं काम खरंच बुक झालं त्यांचे पहिले कॉल काढा, बोलण्याच्या वेळेप्रमाणे लावा, आणि कितीच्या खाली जवळजवळ कोणीच बुक झालं नाही ते बघा, ती तुमची रेघ. एसीत एरिया, स्प्लिट की विंडो, थंड होत नाही की पाणी गळतंय, रेट, टाइम एवढं सगळं बोलायला वेळ लागतोच. मात्र लांबलचक कॉल म्हणजे चांगला असं समजू नका, गॅस भरायच्या रेटवर घासाघीस आणि तक्रारी, दोन्ही लांब चालतात.

मिस्ड कॉलवरून लीड बरा की वाईट हे ठरत नाही, तुमचा फोन कोण आणि कधी उचलतं ते कळतं. समजा एका आठवड्यात गुगलच्या नंबरवर 80 कॉल आले, 12 कामं मिळाली. पॅम्प्लेटवर 30 कॉल, 6 कामं. वरवर पॅम्प्लेट जिंकलं, 20 टक्के विरुद्ध 15. आता डुप्लिकेट आणि ओळखीचे काढले तर गुगलची 46 माणसं उरली, पॅम्प्लेटची 24, म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण गुगलच्या 46 मधल्या 14 जणांशी कधी बोलणंच झालं नाही, पॅम्प्लेटच्या फक्त दोघांशी. बोलणं झालेल्यांत गुगल 32 मधून 12, पॅम्प्लेट 22 मधून 6. उलटंच झालं की! मग ते 14 कॉल किती वाजताचे ते बघायचं. सगळे रात्री आठनंतरचे निघाले, माणूस कामावरून घरी येतो, एसी लावतो, गार होत नाही, लगेच सर्च करतो आणि तुमचं ऑफिस बंद. अशा वेळी एकतर अ‍ॅडचं शेड्यूल आठला बंद करा किंवा कोणाच्या तरी मोबाइलवर वळवा. सकाळी परत फोन केला तर त्याने रात्रीच दुसरा कोणी गाठलेला असतो. (एका आठवड्याच्या एवढ्याशा आकड्यांवर बजेट हलवू नका हं, महिना दोन महिने बघा.)

पुन्हा कॉल करणाऱ्यांत किती वेळाने केला ते महत्त्वाचं. मिस्डनंतर पाच-दहा मिनिटांत परत आला तर त्याला गरज आहे, असे नंबर सगळ्यात आधी कॉलबॅकला घ्या. रेट सांगितल्यावर दोन दिवसांनी परत आला तर त्याने चार ठिकाणी विचारलंय आणि तुमच्याकडे वळलाय, हे बहुतेक बुक होतात, मग कॉल तीस सेकंदाचा का असेना. काम झाल्यावर आठवड्याभरात आला तर बहुधा तक्रार, तो लीडमध्ये धरायचाच नाही. यासाठी कामाच्या वहीत गिऱ्हाइकाने ज्या नंबरवरून फोन केला तोच लिहायची सवय लावा, कारण फोन नवरा करतो, दार बायको उघडते आणि वहीत तिचा नंबर जातो, मग काही जुळत नाही.

आणि पॅम्प्लेटचा नंबर सहा महिन्यांत सोडून देऊ नका, लोक ते फ्रीजला लावून ठेवतात आणि पुढच्या मार्चमध्ये काढतात.