झोपेत रडतो तेव्हा तो जागा असतो का?

"ताई, आमचा मुलगा २२ महिन्यांचा आहे. झोपला की तासाभरात किंचाळत उठतो. उचलून घेतलं तर जास्तच हातपाय झाडतो, मला ओळखतसुद्धा नाही. पहाटे मात्र खुदुखुदू हसतो, 'नको, माझं' असं काहीतरी बरळतो. त्याला काही दिसतं का? अशा वेळी त्याला उठवायचं की तसंच राहू द्यायचं?"

ही आई सासूबाईंना घेऊन आली होती. मुलाला मी इथे चिकू म्हणते. तीन आठवडे घरात कोणीच नीट झोपलं नव्हतं. आजींनी मीठ-मोहरीने दृष्टही काढून झाली होती. मला एकच शब्द खटकला, तो म्हणजे 'उठतो'. चिकू खरंच उठत होता का, हे आधी बघायला हवं होतं.

आईने मोबाइलवर एक व्हिडिओ काढून ठेवला होता, त्याचा फार उपयोग झाला. चिकूचे डोळे उघडे होते, पण नजर आईच्या पलीकडे कुठेतरी होती. कपाळ घामाने भिजलेलं. "बाळा, मी आहे ना" म्हणत आई त्याला छातीशी घेत होती आणि तो पाठीची कमान करून तिला ढकलत होता. ट्यूबलाइट लावलेली, पाण्याचा पेला पुढे, बाबा खुळखुळा वाजवत होते. जवळपास २५ मिनिटांनी तो एकदम शांत झाला, कूस वळला आणि मिनिटभरात गाढ झोपला. मी व्हिडिओ तिथेच थांबवला. खरोखर जागं झालेलं, रडून लाल झालेलं मूल इतक्या झटकन झोपत नाही. ते हुंदके देत राहतं, चिकटून बसतं, पुन्हा झोपायला वेळ घेतं. चिकू त्या २५ मिनिटांत जागा झालाच नव्हता.

या वयात झोपेचं एक आवर्तन साधारण तास-सव्वा तासाचं असतं आणि सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या काही तासांत येते. त्या गाढ झोपेतून हलक्या झोपेत येताना मेंदू कधीकधी मधेच अडकतो. हालचाल आणि घाबरणं सांभाळणारा भाग जागा होतो, पण समोर कोण आहे हे ओळखणारा आणि आठवण ठेवणारा भाग झोपलेलाच राहतो. म्हणून मूल किंचाळतं, पण आईला ओळखत नाही आणि सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. वाईट स्वप्नाचं वेगळं असतं. ते बहुधा उत्तररात्री पडतं, मूल पूर्ण जागं होतं, आईला शोधतं आणि कुशीत घेतल्यावर शांत होतं. चिकूला कुशीत घेतल्यावर उलट त्रास वाढत होता, कारण गाढ झोपेतल्या मुलाला उजेड, आवाज आणि हात एकदम सहन करावे लागत होते.

मी त्यांना आठ रात्रींची नोंद ठेवायला सांगितली: किती वाजता झोपला, आवाज कधी आला, डोळे आणि हात काय करत होते, मोठ्यांनी काय केलं. वही परत आली तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी समोर आल्या, ज्यांना घरात एकच नाव होतं.

किंचाळणं दर वेळी झोपल्यापासून एक ते दीड तासात होतं. ते फक्त पाळणाघराच्या दिवशी होतं. शनिवार-रविवार तो दुपारी घरी दोन तास झोपायचा, त्या रात्री शांत गेल्या. तीन आठवड्यांपूर्वी पाळणाघर बदललं होतं आणि तिथे दुपारची झोप जेमतेम ४० मिनिटांवर आली होती. अपुरी झोप झालेलं मूल रात्री जास्तच गाढ झोपतं आणि त्यातून बाहेर येताना असं अडकण्याची शक्यता वाढते.

पहाटेचं हसणं आणि बरळणं काही सेकंदांचं होतं, डोळे मिटलेले, अंग सैल. तिथे त्याला काहीच नको होतं. पण मूल आईबाबांच्या मधे झोपलेलं, त्यामुळे बारीकसा आवाजही कानावर पडतो आणि हात आपोआप थोपटायला जातो. बाबा थोपटायचे, बाटली द्यायचे, आणि मग चिकू खरा जागा व्हायचा. वहीत हे स्पष्ट दिसत होतं. ज्या दोन पहाटे बाबांना आवाज ऐकूच आला नाही, त्या पहाटे तो हसून तसाच झोपून राहिला होता.

एका रात्री दोनच्या सुमारास मात्र तो उठून बसला, "आई" म्हणून हात पुढे केले, उचलताच गप्प झाला आणि परत झोपायला अर्धा तास लागला. डायपर गळलं होतं. ही खरी जाग.

उपाय साधे होते, पण करायला सोपे नव्हते. पाळणाघरातल्या ताईंशी बोलून दुपारी त्याला शांत कोपरा मिळाला. रात्रीची झोप पाऊणेक तास अलीकडे आणली, नऊ-चाळीसवरून नऊच्या आत. किंचाळला तर फक्त झिरोचा दिवा, उचलायचं नाही, हलवून जागं करायचं नाही. जवळ बसून तो कुठे आपटणार नाही एवढं बघायचं. गादी त्यांनी जमिनीवरच घातली. हसला किंवा बोलला तर मनात सावकाश साठपर्यंत मोजायचं आणि डोळे, हात बघायचे.

पाचव्या रात्री चूक झाली, आणि त्यात माझाही वाटा होता. चिकू रडला, आई ठरल्याप्रमाणे बसून राहिली. पण तो कान चोळत होता, "आई, आई" म्हणत तिच्याकडे सरकत होता. सकाळी ताप आला आणि डॉक्टरांनी कान लाल झाल्याचं सांगितलं. ती माझ्यासमोर रडली. थांबायचं ते बघण्यासाठी, दुर्लक्ष करण्यासाठी नाही, हे मी पहिल्याच भेटीत नीट सांगायला हवं होतं. मूल तुमच्याकडे येतंय, तुमचं बोलणं त्याला कळतंय, घेतल्यावर शांत होतंय, तर ते जागं आहे. तिथे साठ मोजायचे नाहीत, लगेच जवळ घ्यायचं.

अशा घरांना मी आणखी एक गोष्ट विचारतेच: तो घोरतो का, श्वास मधेच थांबल्यासारखा वाटतो का? तसं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं, कारण श्वासाच्या अडथळ्यानेही झोप अशी तुटते. अंग ताठ होऊन एकाच पद्धतीचे झटके येत असतील, एका रात्रीत तोच प्रकार अनेकदा होत असेल, किंवा तसंच विचित्र हसणं दिवसाही अचानक येत असेल, तर व्हिडिओ काढून डॉक्टरांकडे न्यायचा. चिकूमध्ये यातलं काहीच नव्हतं.

कान बरा झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात किंचाळणं दोन रात्रींवर आलं आणि पाच-सात मिनिटांत संपू लागलं. पुढे महिनाभर झालंच नाही. गणपतीत गावी गेले, दुपारची झोप बुडाली, तेव्हा एका रात्री पुन्हा झालं. पण आईने फोन केला नाही, दुसऱ्या दिवशी त्याला लवकर झोपवलं. आजी अजूनही पहाटे तो हसला की "सटवाई हसवतेय" म्हणतात, पण आता दिवा लावायला उठत नाहीत.