चीजकेक किती थरथरला की ओव्हन बंद करायचा?

प्रश्न : मी १८० अंशांवर पाऊण तास भाजते. दर वेळी मधोमध तडा जातो. ट्रेमध्ये पाणी ठेवल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो. चीजकेक नावाला केक. खरं तर ते अंड्यावर घट्ट होणारं कस्टर्ड आहे. १८० अंशांवर मध्य शिजेपर्यंत कडा फुगून वर येतात, गार होताना आकसतात आणि पृष्ठभाग फाटतो. पाणी मात्र १०० अंशांच्या वर जातच नाही, त्यामुळे डब्याच्या बाजूंना सौम्य आच मिळते. ६०० ग्रॅम क्रीम चीज, तीन अंडी आणि २० सेंटिमीटरचा डबा असेल तर १५० अंश ठेवा आणि साधारण तास-सव्वा तास धरा. ट्रे आधी ओव्हनमध्ये सरकवा आणि मगच डब्याच्या निम्म्या उंचीपर्यंत कढत पाणी ओता. गार पाणी ओतलंत, तर ते तापण्यातच बराच वेळ जातो.

प्रश्न : फॉइल गुंडाळूनही बिस्किटांचा थर ओला होतो.

सुट्या तळाच्या डब्याला फॉइल पुरत नाही, कुठेतरी बारीकसं भोक पडतंच. मी फॉइलचा नाद सोडला. तो डबा थोड्या मोठ्या, अखंड केकच्या भांड्यात बसवते आणि ते भांडं पाण्यात ठेवते. मधल्या हवेमुळे दहा-एक मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

प्रश्न : मध्य हलत असताना काढला तर कच्चा राहील अशी भीती वाटते. नेमकं ओळखायचं कसं?

विरजण लागलं का हे बघायला आपण भांडं हलकेच हलवतो ना, तसंच इथे करा. हातमोजा घालून डब्याला बाजूने एक हलकी टिचकी द्या. कडेचा दोन बोटं रुंद पट्टा जागचा हलायला नको. मधला वाटीच्या तोंडाएवढा भाग एकसंध थरथरायला हवा, खरवसाची वडी ताटलीत थरथरते तसा. तिथे ताकासारख्या लाटा उठल्या तर अजून कच्चा आहे. दहा मिनिटांनी पुन्हा बघा. मध्य अजिबात हलत नसेल तर उशीर झाला, पोत रवाळ होणार.

थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६५ ते ६८ अंश दिसले की पुरे. टोचल्याची खूण राहते, पण ती वरच्या फळांखाली लपते. सुरी खुपसून बघू नका. ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत थांबलात तर केक जास्त भाजलेला असेल.

मग ओव्हन बंद करा, दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवा आणि केक तासभर आतच राहू द्या. उरलेल्या उष्णतेवर मध्य शिजतो. बाहेर काढल्यावर कडेने पातळ सुरी फिरवा, म्हणजे आकसताना तो डब्याला चिकटून फाटणार नाही. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय कापू नका. चीजमधला स्निग्धांश थंडीने गोठल्यावरच त्याला कापण्याजोगा घट्टपणा येतो. तरीही मध्य पळीवाढा राहिला, तर तो खरोखरच कमी भाजला गेला आहे. तो भाग कच्च्या अंड्याचा असू शकतो, म्हणून खाऊ नका.