विकल्या किती ते नंतर, आधी छापल्या किती ते विचारा

प्रश्न: माझा कथासंग्रह दोन वर्षांपूर्वी आला. प्रकाशकानं पाठवलेल्या रॉयल्टीच्या कागदावर १८६ प्रती विकल्या एवढंच लिहिलंय. पण आमच्या बीडमधल्याच दोन दुकानांत आणि प्रदर्शनात माझ्या डोळ्यादेखत त्याहून जास्त गेल्यात. हिशोब मागू का? कसा मागू? संबंध बिघडतील का?

मागा की. पण "एवढ्याच कशा विकल्या" असं विचारू नका, त्या प्रश्नाला उत्तर एकच येतं की सर, मराठी पुस्तकं चालतच नाहीत हो, आणि तिथं बोलणं संपतं. माझं तसंच झालं होतं. मी परभणीचा, माझ्या पुस्तकाच्या पहिल्या वर्षी फोनवर अर्धा तास बोललो आणि शेवटी मीच त्यांची समजूत काढून फोन ठेवला.

दुसऱ्या वर्षी मी विक्री सोडून दिली आणि फक्त प्रतींचा हिशोब मागितला. आवृत्ती छापली की प्रती कुठं ना कुठं असतात. गोडाऊनला असतात, भेट गेलेल्या असतात, दुकानांत जाकडावर असतात, खराब झालेल्या असतात, नाहीतर विकलेल्या असतात. या सगळ्याची बेरीज छापलेल्या आकड्याएवढी यायलाच पाहिजे. विक्रीचा आकडा एकटा असला की तो खरा का खोटा तुम्हाला कळत नाही, पण त्याच्या शेजारी बाकीचे आकडे ठेवले की न जुळणारा लगेच दिसतो.

मी मेल पाठवला तो साधाच होता. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला नाही, मेलच केला, कारण तारीख राहते.

"नमस्कार. ३१ मार्चअखेरचा रॉयल्टीचा हिशोब मिळाला, आभार. माझ्या नोंदीसाठी एवढं कळवाल का: आवृत्ती किती प्रतींची छापली, भेट व अभिप्रायार्थ किती गेल्या, जाकडावर किती बाहेर आहेत, परत किती आल्या, आणि ३१ मार्चला गोडाऊनला शिल्लक किती होत्या. रॉयल्टी छापील किमतीवर धरली की जमा रकमेवर, तेही कळवावं."

बास. यात आरोप कुठंच नाही. दहा दिवसांनी उत्तर आलं, तेही त्यांच्या अकाउंटवाल्या पोराकडून. मालकाला तुम्ही कविता वाचून दाखवलेली असते, त्यामुळं त्याच्याशी पैशाचं बोलायला जीभ रेटत नाही, अकाउंटवाल्याशी तो प्रॉब्लेम नसतो, म्हणून शक्यतो हिशोब बघणाऱ्यालाच विचारा.

आता आकडे बघा. छापल्या १०००. विकल्या ३१२. गोडाऊनला ४१०. भेट आणि अभिप्रायाला मिळून ४०. यांची बेरीज होते ७६२, म्हणजे २३८ प्रतींचा पत्ता नाही. खरं सांगतो, हे बघून डोकं तापलं होतं माझं, पण रात्रभर थांबलो ते बरं झालं.

कारण त्यातल्या ११० जाकडावर होत्या. हे नवीन लेखकाला कळत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. दुकानदार पुस्तक विकत घेत नाही, ठेवून घेतो. खपलं की पैसे देतो, नाही खपलं तर परत करतो, आणि पैसे द्यायला सहा-आठ महिने सहज लावतो. तुमच्या डोळ्यासमोर गिऱ्हाईकानं दुकानात पुस्तक घेतलं तरी प्रकाशकाच्या वहीत ती विक्री दुकानदाराचा हिशोब आल्यावरच चढते. तुम्ही मे महिन्यात विकलेलं बघितलं असेल तर मार्चअखेरच्या कागदावर ते दिसणारच नाही. म्हणजे तुमच्या बीडच्या प्रतींतल्या बऱ्याच तर इथंच अडकलेल्या असतील. त्या दोन दुकानदारांना चहा पिता पिता विचारा की अण्णा, माझ्या किती खपल्या आणि त्यांचे पैसे तिकडं कधी पाठवले. ते सांगतात. लेखकापासून लपवायचं त्यांना काही कारण नसतं.

पुढच्या ७५ मी स्वतःच घेतल्या होत्या, ४० टक्के सवलतीनं, गावोगाव कार्यक्रमाला न्यायला. त्या त्यांनी विक्रीत धरल्याच नव्हत्या. करारात "लेखकानं घेतलेल्या प्रतींवर रॉयल्टी नाही" असं वाक्य असतं बऱ्याचदा, माझ्या करारात नव्हतं, तरी मी तिथं ताणलं नाही, सवलत खाल्ली होती ना आपण. पण तुमच्या करारात बघा, आणि अशा प्रती तुमच्या मोजणीत घुसल्यात का तेही बघा, कारण प्रदर्शनात तुम्हीच टेबल लावून विकल्या असतील तर त्या यातच येतात.

उरल्या ५३. खरी चूक इथं होती. नांदेडला प्रदर्शनात त्यांचा स्टॉल होता, तिथं रोख विक्री हातानं लिहायच्या पावतीपुस्तकावर झाली होती, आणि ती पुस्तकवार सॉफ्टवेअरला चढवलीच नव्हती, नुसती रोज जमलेली एकूण रक्कम चढवली होती. मला ते लक्षात आलं कारण त्या स्टॉलवर मी एक दुपार बसलो होतो आणि १९ प्रतींवर सह्या केल्या होत्या. तारीख सांगितल्यावर पोरानं पावतीपुस्तक काढलं, मोजलं, आणि स्वतःच म्हणाला सर हे राहिलंच की. किंमत २०० रुपये, रॉयल्टी छापील किमतीवर १० टक्के, म्हणजे प्रतीमागं २० रुपये, ५३ प्रतींचे १०६० झाले. रक्कम लै नाही, पण तेव्हापासून हिशोबासोबत शिल्लक साठ्याचा कागद न मागता येतोय.

म्हणून तुम्ही आधी तारखा लिहून काढा, कुठल्या दिवशी कुठं किती गेल्या. "लै गेल्या" याला हिशोबात किंमत नाही, "अमुक तारखेला स्टॉलवर १९" याला आहे.

आणि छापील किंमत की जमा रक्कम हे नक्की विचारा. २०० च्या पुस्तकावर वितरकाला ५० टक्के कमिशन गेलं तर जमा १०० च होतात, मग १० टक्के म्हणजे १० रुपये. कधी कधी प्रती बरोबर असतात आणि दर अर्धा लागलेला असतो, आपण मात्र प्रतीच मोजत बसतो. करार काढून ते एक वाक्य वाचा. करारच नाही म्हणत असाल तर गोष्ट वेगळी आहे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणं हक्क देणं लेखी आणि सहीचं लागतं आणि त्यात रॉयल्टी लिहिलेली लागते, तेव्हा हिशोबाच्या आधी तो कागदच मागावा लागेल.

एक जागा मात्र अशी आहे जिथं मी गोड बोलणार नाही. पुस्तकावर दुसरी आवृत्ती छापलेली आणि कागदावर पहिलीच्या निम्म्या प्रती शिल्लक, असं दिसलं तर सरळ छापखान्याच्या बिलाची प्रत मागा. फक्त आधी पहिली आवृत्ती किती प्रतींची होती ते विचारा, आजकाल डिजिटल प्रिंटवर दोनशे-तीनशे प्रतींचीही आवृत्ती म्हणतात.

संबंधांचं म्हणाल तर माझं पुढचं पुस्तकही तिथंच आलं. तुमचे आकडे आले की इथंच खाली टाका, बेरीज करून बघू.