अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षा: परदेशी पदवीची सूट घ्यावी की नोकरीतून पेपर द्यावेत?

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यात शिक्षक आहे, वय 55, 58 व्या वर्षी निवृत्त होईन. मुलगी स्टॅटिस्टिक्समध्ये पदवीधर आहे. तिला अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विमा कंपन्यांच्या जोखमीचा गणिती हिशोब करणारी तज्ज्ञ, व्हायचे आहे. त्यासाठी इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया, म्हणजे आयएआय, या संस्थेचे दोन पेपर, सीएस1 आणि सीबी1, ती उत्तीर्ण झाली आहे. पुण्यातील एका कंपनीने तिला वार्षिक साडेसहा लाखांची प्रशिक्षणार्थी अ‍ॅनालिस्टची नोकरी देऊ केली असून परीक्षांचा खर्च कंपनी करील. त्याच वेळी ब्रिटनमधील एका विद्यापीठात एक वर्षाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. तिथे सहा पेपरांपर्यंत सूट मिळते. एकूण खर्च 38 लाख. त्यातील 30 लाख घर तारण ठेवून साडेदहा टक्क्यांनी कर्ज, 8 लाख माझी बचत. सुटीमुळे दोन-तीन वर्षे वाचतील असे ती म्हणते. काय करावे?

उत्तर: आज तुमच्यासमोर आहेत त्या अटींवर मुलीने पुण्याची नोकरी स्वीकारावी आणि विद्यापीठाकडे प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची लेखी विनंती करावी, असे माझे मत आहे. ब्रिटनचा मार्ग चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. 30 लाखांचे कर्ज काढून सूट विकत घेण्याची ही वेळ आणि ही रीत तुमच्या घराला परवडणारी नाही.

सुटीमुळे नेमके काय वाचते ते आधी पाहू. 2019 पासूनच्या रचनेप्रमाणे आयएआयच्या फेलोपदासाठी, म्हणजे पूर्ण पात्र अ‍ॅक्च्युअरी होण्यासाठी, तेरा पेपर आहेत. पायाभूत विषयांचे सात (सीएस1, सीएस2, सीएम1, सीएम2, सीबी1, सीबी2, सीबी3), व्यावहारिक स्वरूपाचे तीन (सीपी1 ते सीपी3), विशेष विषयांचे दोन आणि शेवटचा प्रगत विषयाचा एक. एम.एस्सी.तून सूट मिळते ती साधारणपणे पहिल्या गटातील सहा पेपरांना. त्यातील दोन तुमच्या मुलीने स्वतः काढले आहेत. म्हणजे तिच्यासाठी सूट खऱ्या अर्थाने चारच पेपरांची, सीएस2, सीएम1, सीएम2 आणि सीबी2 यांची. सीपी1 आणि त्यापुढचे पेपर, जिथे वर्षानुवर्षे अडकून पडलेले उमेदवार दिसतात, ते या पदवीनंतरही तिला द्यावेच लागतील. त्या पेपरांत सूत्रे कमी आणि व्यवसायातील निर्णयबुद्धी जास्त तपासली जाते, आणि ती बुद्धी प्रत्यक्ष कामातून येते. पुढच्या पेपरांना सूट देणारे काही वेगळे अभ्यासक्रम ब्रिटनमध्ये आहेत, पण ते पायाभूत पेपर आधीच पूर्ण केलेल्यांसाठी असतात.

शिवाय ही सूट आपोआप मिळत नाही. एम.एस्सी. उत्तीर्ण होणे आणि सूट मिळणे यांच्या गुणांच्या रेषा वेगळ्या असतात. सुटीची रेषा बऱ्याचदा वरची असते आणि फेरपरीक्षेत मिळवलेले गुण सहसा त्यासाठी धरले जात नाहीत. त्यामुळे पदवी हातात पडली पण सूट तीनच पेपरांची मिळाली, असेही घडू शकते. प्रत्येक सुटीसाठी ब्रिटनची संस्था, म्हणजे इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ अ‍ॅक्च्युअरीज, शुल्कही आकारते. ते तुमच्या 38 लाखांत धरले आहे का, हे तपासा.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा संस्थेचा आहे. ही सूट ब्रिटनच्या संस्थेची आहे, आपल्या आयएआयची नव्हे. भारतात विमा कंपनीची नियुक्त अ‍ॅक्च्युअरी व्हायचे तर विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांप्रमाणे आयएआयचे फेलोपद लागते. म्हणून मुलीने आताच दोन्ही संस्थांना ईमेल पाठवून दोन प्रश्न विचारावेत. विद्यापीठाच्या गुणांवर मिळालेली सूट आयएआय मान्य करील का? आणि सीएस1 व सीबी1 हे आयएआयचे पेपर ब्रिटनची संस्था मान्य करील का? उत्तर लेखी घ्यावे. प्रवेश एजंटाने तोंडी दिलेल्या हमीवर घर तारण ठेवू नये.

आता कर्जाचा हिशोब. 30 लाख सुरुवातीलाच उचलले आणि अभ्यासक्रमाचे एक वर्ष व त्यानंतरचे सहा महिने हप्ता भरला नाही, तर साध्या व्याजानेच सुमारे 4.72 लाख रुपये मुद्दलात जमा होतात. 34.72 लाखांवर साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे 46,850 रुपये येतो. दहा वर्षांत एकूण परतफेड 56 लाखांच्या पुढे जाते. हा हप्ता सुरू होईल तेव्हा तुम्ही निवृत्तीच्या उंबरठ्यावर असाल आणि तो संपेल तेव्हा साधारण 66-67 वर्षांचे. सहकर्जदार तुम्ही आहात, तारण तुमचे घर आहे आणि बचतीचे 8 लाख आधीच खर्च झालेले असतील. व्याजावरील प्राप्तिकर वजावटीचा फार आधार धरू नका. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि नव्या नोकरदाराला बहुधा नवीच प्रणाली सोयीची पडते.

मुलीला ब्रिटनमध्ये नोकरी लागली तर हा हप्ता, पौंड 115 ते 120 रुपयांचा धरून, महिना 400 पौंडांच्या आसपास होतो. तिथल्या अ‍ॅक्च्युअरीय पगारात तो बसतो, आणि उरलेल्या परीक्षांचा खर्चही तिथली कंपनी बहुधा उचलते. पण ती परत आली तर? साडेसहा लाखांच्या पगारातून हाती येणारी रक्कम महिना 48 हजारांच्या आसपास असते, म्हणजे हप्त्याएवढीच. जास्त पेपरांमुळे पगार नऊ लाख मिळाला असे धरले तरी हातातल्या रकमेतील सुमारे दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक हप्त्यात जाईल. सारा निर्णय म्हणूनच ब्रिटनमधील नोकरीच्या शक्यतेवर टिकून आहे, आणि तिथे वेळेची एक अडचण आहे. तिथल्या कंपन्या पुढील वर्षाच्या नव्या पदवीधरांची भरती आदल्या शरद ऋतूतच सुरू करतात. सप्टेंबरमध्ये पोचलेल्या विद्यार्थिनीला पहिल्या काही आठवड्यांतच अर्ज करावे लागतात, तेव्हा तिच्या हातात ना एम.एस्सी.चा एकही निकाल असतो ना कामाचा अनुभव. भर म्हणून, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी शिक्षणोत्तर व्हिसा दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचा होत आहे.

भारतात परतल्यावर आणखी एक गोष्ट घडते, जी पालकांना सहसा कोणी सांगत नाही. सात-आठ पेपर पूर्ण पण अनुभव शून्य, अशा उमेदवाराला घेताना कंपन्या बिचकतात. पगाराची श्रेणी पेपरांच्या संख्येशी जोडलेली असेल तर असा उमेदवार महाग पडतो, आणि काम मात्र त्याला पहिल्यापासून शिकवावे लागते. पहिल्या नोकरीसाठी दोन ते चार पेपर ही चांगली स्थिती असते, आणि तुमची मुलगी आज नेमकी त्याच स्थितीत आहे.

पुण्याच्या नोकरीतील पाठबळाचे मोलही नीट करायला हवे. नियुक्तिपत्रासोबत कंपनीचे परीक्षा-धोरण मागून घ्या आणि ओळ न ओळ वाचा. शुल्क आधी भरले जाते की उत्तीर्ण झाल्यावर परत मिळते? दुसऱ्या प्रयत्नाचे काय? अभ्यासाची रजा पेपरमागे किती दिवस, आणि ती परीक्षेच्या लगेच आधी घेता येते का? पेपर उत्तीर्ण झाल्यावर मिळणारी रक्कम एकदाच मिळणारे बक्षीस आहे की पगारातील कायमची वाढ? आणि सोडून गेल्यास वसुलीची अट किती काळाची आहे? या शेवटच्या अटीकडे विशेष लक्ष द्या, कारण पुढे ब्रिटनला जायचे ठरले तर तीच आड येईल.

उदाहरणादाखल पेपरमागे पाच दिवस रजा आणि वार्षिक पगारात 40 हजारांची कायम वाढ धरू. वर्षात दोन परीक्षा-सत्रे असतात. प्रत्येक सत्रात दोन पेपरांना ती बसली तर वीस दिवसांची भरपगारी रजा होते, जिचे मोल तिच्या पगाराच्या हिशोबाने 50 हजारांच्या आसपास येते. बसलेल्या चारपैकी दोन सुटले, तर तीन वर्षांत सहा पेपर पूर्ण होतात आणि वार्षिक पगार, नेहमीची वाढ सोडून, 2.4 लाखांनी वर जातो. त्याच काळात फेलोपदासाठी आवश्यक असलेला कामाचा अनुभवही जमा होतो.

या मार्गाची किंमत मी लपवणार नाही. सीएम1 किंवा सीएस2 सारख्या पेपराला दोनशे ते अडीचशे तासांचा अभ्यास लागतो. नोकरी करून तो करायचा म्हणजे चार-पाच महिने रोज सकाळी किंवा रात्री दोन तास आणि शनिवार-रविवारी अधिक. एक पेपर राहिला की सहा महिने जातात. अकरा पेपर उरले आहेत. वर्षाला दोनच्या गतीने साडेपाच वर्षे, तीनच्या गतीने पावणेचार. विमा कंपन्यांत तिमाहीअखेर आणि मार्चअखेर कामाचा ताण वाढतो आणि मंजूर रजा पुढे ढकलली जाते. म्हणून मुलाखत घेणाऱ्या वरिष्ठांना तिने थेट विचारावे की त्यांच्या गटातील मुलांनी मागील दोन सत्रांत प्रत्यक्षात किती दिवस रजा घेतली आणि किती पेपर सुटले. धोरण उत्तम पण गटात दोन वर्षांत कोणाचाच पेपर सुटलेला नाही, असे असेल तर ते पाठबळ कागदावरचे समजावे.

पहिल्या वर्षी तिने सीएम1 आणि सीबी2 हे दोन पेपर ठरवून घ्यावेत आणि पुढच्या सत्रात सीएस2 ला हात घालावा. सीएस1 चा अभ्यास ताजा असतानाच सीएस2 देणे सोपे जाते. ब्रिटनच्या संस्थेच्या परीक्षा भारतातूनही देता येतात. त्यामुळे परदेशात काम करण्याची ओढ कायम असेल, तर कोणत्या संस्थेतून पुढे जायचे हे वरील दोन ईमेलची उत्तरे आल्यावर ठरवता येईल.

माझे मत तीन परिस्थितींत बदलेल. शिष्यवृत्तीमुळे कर्ज 10-12 लाखांवर आले आणि घर तारण ठेवावे लागले नाही, तर हप्ता पुण्याच्या पगारातूनही फेडता येईल. मग जायला हरकत नाही. पुण्याच्या कंपनीच्या धोरणात दोन वर्षांहून मोठी वसुलीची अट निघाली, तर दुसरी नोकरी शोधावी. आणि वर्षभरानंतर दोन-तीन पेपर व एक वर्षाचा अनुभव घेऊन तिने ब्रिटनमधील कंपन्यांकडे थेट अर्ज केले आणि कोणी व्हिसा प्रायोजित करायला तयार झाले, तर एम.एस्सी.ची गरजच उरणार नाही. विद्यापीठाने प्रवेश पुढे ढकलण्यासाठी अनामत मागितली, तर ती परत मिळण्याची अट आणि अंतिम तारीख लेखी घेतल्याशिवाय पैसे पाठवू नका.