नकली कीटकनाशकाची बाटली कशी ओळखावी?

प्रश्न: कपाशीसाठी महागाचं औषध घेतो. बाटली नकली किंवा पुन्हा भरलेली आहे का, हे झाकण न उघडता कळतं का?

बरंचसं कळतं. मी कृषी सेवा केंद्र चालवतो. माझी नजर आधी बॅच नंबरवर जाते. रंगीत लेबल छापखान्यात आधीच छापून तयार असतं. बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख बहुधा माल भरताना वेगळ्या यंत्राने उमटते. म्हणून ती अक्षरं ठिपक्यांची आणि किंचित वाकडी असली तरी घाबरू नका. तीच अक्षरं लेबलच्या बाकी मजकुरासारखी गुळगुळीत, त्याच शाईत असतील तर शंका घ्या. मात्र बोटाने घासून बघण्यावर भरवसा ठेवू नका, खरी शाईही कधी पुसटते.

मग ताळमेळ बघा. बाटली, तिचा खोका आणि पक्कं बिल या तिन्हींवर एकच बॅच हवी.

एक शेतकरी दुसरीकडून घेतलेली क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससीची बाटली घेऊन आले होते. छपाई सुरेख होती. पण या औषधाच्या लेबलावर टोकावर उभ्या चौकोनाचा खालचा भाग हिरवा असतो, तिथे तो पिवळा होता. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा विषारीपणाचा उतरता क्रम असून कंपनीला तो मनाने बदलता येत नाही. नंतर घटकांचा तक्ता पाहिला. मूळ औषध आणि बाकीची द्रव्यं मिळून बेरीज १०० टक्के व्हायला हवी. तिथे आकडे जुळतच नव्हते. बिलावर बॅच लिहिलेलीच नव्हती. नकली छापणारा चित्राची नक्कल मन लावून करतो, बारीक आकड्यांकडे त्याचं लक्ष नसतं.

खरी अडचण पुन्हा भरलेल्या बाटलीची. तिचं लेबल अस्सलच असतं, त्यामुळे वरचं काहीच लागू पडत नाही. तिथे झाकण बघा. झाकणाखालची कडी बारीक दुव्यांनी जोडलेली असते, एकही दुवा तुटलेला नको. आतली चंदेरी पन्नी मात्र झाकण काढल्यावरच दिसते, म्हणून ते दुकानातच, दुकानदारासमोर काढा. कंपनीत ती उष्णतेने चिकटवतात, त्यामुळे कडेने सगळीकडे सारखी बसते. गोंदाचे ओघळ, सुरकुत्या किंवा एकावर एक दोन थर दिसले तर बाटली घेऊ नका. वास घेऊन पारख करू नका, त्याने विषबाधा होऊ शकते.

क्यूआर कोडचीही नक्कल होते, तो उघडला एवढ्यावर विसंबू नका. आत नेमकं काय आहे हे प्रयोगशाळाच सांगते. शंका आली तर बाटली, खोका आणि बिल जपून ठेवा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. बाटली उघडली नसेल तर तशीच राहू द्या. आणि फवारणी झाल्यावर रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोकं पाडा. भंगारात गेलेल्या धडक्या बाटल्याच पुन्हा भरल्या जातात.